केदारकंठ्याच्या माथ्यावर पहाटे नेमकी किती थंडी? उंचीचा हिशोब आणि कपडे

पायपीट | ६ डिसेंबर, रात्री ९:१२

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहाजण पुण्याहून उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला चाललोय. सगळे सह्याद्रीत फिरणारे, बर्फावर कोणीच गेलेलं नाही. फोनवरच्या अंदाजात आज पायथ्याच्या सांक्री गावात दिवसा १० आणि रात्री ० दाखवतंय. सांक्री साधारण १९५० मीटरवर, माथा ३८०० च्या आसपास. म्हणजे १८५० मीटरचा फरक. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर १२ अंश कमी, म्हणून पहाटे माथ्यावर उणे १२. हे बरोबर आहे का? आमच्यातला एकजण थेट पुण्याच्या तापमानातून वजाबाकी करतोय, दुसरा कुठेतरी वाचून उणे २० म्हणतोय. या तीन आकड्यांवर तीन वेगळ्या खरेदीयाद्या झाल्यात आणि माझ्या एकट्याच्या कपड्यांचं वजन ६ किलोवर गेलंय.

अण्णा_सदाशिव | ६ डिसेंबर, रात्री ९:४०

दर हजार फुटांना २ अंश कमी. वर्षानुवर्षं सगळे गिर्यारोहक हेच धरतात. सांक्रीपासून माथा ६००० फूट वर, म्हणजे १२ अंश. तुमचं उत्तर बरोबर आहे, उगाच कीस पाडू नका. पुण्यातून वजा करणाऱ्याला मात्र घरी ठेवा.

ढगवेडा | ६ डिसेंबर, रात्री १०:५५

अण्णा, नियम बरोबर आहे, पण तो कुठल्या आकड्याला लावायचा तिथे गडबड होतेय.

आधी आपल्या दारातलं उदाहरण घेऊ. पुणे ५६० मीटर, सिंहगड १३०० च्या थोडा वर. फरक साधारण ७५० मीटर. नियमाने सिंहगड नेहमी ५ अंशांनी थंड हवा. प्रत्यक्षात एप्रिलच्या दुपारी तो ७ अंशांपर्यंत थंड असतो. तेव्हा तापलेल्या जमिनीवरची कोरडी हवा वर उठते, वर दाब कमी म्हणून फुगते, आणि फुगण्यात स्वतःची उष्णता खर्च करते. कोरड्या हवेचा हा दर हजार मीटरला जवळपास १० अंश आहे. जुलैत ढग गडावर टेकलेले असतात. वर चढणाऱ्या हवेतल्या वाफेचं पाणी होताना उष्णता परत हवेत सुटते, म्हणून थंड होण्याचा वेग निम्म्यावर येतो आणि फरक ४ अंशांच्या आसपास राहतो. आणि डिसेंबरच्या निरभ्र पहाटे? पुण्यात सिमला ऑफिसला पारा ९ वर असेल तेव्हा गडावर १३ किंवा १४ सहज असतं. म्हणजे फरक उलटा.

या शेवटच्या प्रकाराचाच तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड होते. थंड हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. सांक्री दरीत आहे. तिथलं रात्रीचं ० हे अशा साचलेल्या हवेचं तापमान असण्याची शक्यता मोठी आहे. त्यातून १२ वजा करणं म्हणजे दरीतली खास थंडी उचलून माथ्यावर नेऊन ठेवणं. माथ्यावरून थंड हवा खाली निघून जाते, ती तिथे साचत नाही.

पायपीट | ६ डिसेंबर, रात्री ११:२०

मग वजा कशातून करायचं? दिवसाच्या १० मधून केलं तर उणे २ येतं, तेही पटत नाही.

ढगवेडा | ७ डिसेंबर, सकाळी ७:३०

नाही पटत, कारण ते दुपारचं झालं. दोन रस्ते आहेत.

पहिला नेटवर्क नसताना चालणारा. दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान यांची सरासरी घ्या आणि त्यातून वजा करा. तुमच्या आकड्यांनी सरासरी ५, वजा १२, म्हणजे उणे ७. दिवसाची तापलेली आणि रात्रीची साचलेली, दोन्ही टोकं एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात.

दुसरा रस्ता जमिनीला टाळून वरच्या मोकळ्या हवेचं तापमान थेट बघण्याचा. विंडी या हवामानाच्या साइटवर तापमानाचा थर उघडा आणि उजवीकडची उंचीची पट्टी सरकवा. `700h` म्हणजे साधारण ३००० मीटर, `600h` म्हणजे साधारण ४२०० मीटर. नकाशा केदारकंठ्यावर आणून वेळ पहाटे ५ ची ठेवा. समजा `700h` ला उणे १ आणि `600h` ला उणे ९ दिसलं. १२०० मीटरमध्ये ८ अंश. माथा ३८०० म्हणजे खालच्या पातळीपासून ८०० मीटर वर, दोन तृतीयांश अंतर. ८ चे दोन तृतीयांश सव्वापाच. उणे १ मधून तेवढं गेलं की उणे ६ च्या थोडं खाली. बर्फाच्या पृष्ठभागाजवळ अजून एखादा अंश कमी धरा, उणे ७. उणे १२ कुठे आणि हे कुठे.

आता गंमत बघा. बेस कॅम्प ३४०० मीटरच्या आसपास आहे. याच हिशोबाने तिथली मोकळी हवा उणे ४ हवी. पण तंबू खोलगट मैदानात असेल, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर बर्फावरची हवा उणे ८ ते उणे १० पर्यंत उतरू शकते. म्हणजे रात्री ३ वाजता तुम्ही तंबूतून बाहेर पडाल तेव्हाची हवा माथ्यापेक्षा थंड असू शकते. कपडे ठरवताना सगळेजण माथ्याचाच विचार करतात, म्हणून हे लांबण लावून लिहिलं.

आलेख | ७ डिसेंबर, सकाळी ९:०५

ढगवेडा, पद्धत मान्य, पण एक अडचण. विंडीमागचं हवामानाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशोब करतं; त्यातल्या एका चौकोनाची बाजू ९ किलोमीटर किंवा त्याहून मोठी असते, त्यामुळे त्यातले डोंगर सपाट झालेले असतात. त्या भागात मॉडेलची जमीनच ३००० मीटरच्या आसपास असेल, तर `700h` ची पातळी मॉडेलच्या जमिनीला टेकते किंवा तिच्या खाली जाते. मग तो आकडा मोकळ्या हवेचा राहत नाही. मी `600h` वर जास्त भरवसा ठेवून तिथून खाली यायला सांगेन, ४०० मीटरला अडीच अंश वाढवून. उणे ९ वरून उणे साडेसहा.

फोनवरच्या अंदाजाचाही हाच घोळ असतो. गावाच्या नावापुढे तापमान दिसतं, पण ते कुठल्या उंचीचं हे बरीच अॅप सांगत नाहीत. काही उंची दुरुस्त करून देतात, काही चौकोनाचा सरासरी आकडा देतात. अॅपने आकडा आधीच माथ्याच्या उंचीला दुरुस्त केला असेल आणि तुम्ही पुन्हा १२ वजा केलेत, की मित्राचे उणे २० तयार.

ढगवेडा | ७ डिसेंबर, सकाळी ९:४०

`700h` बद्दल मुद्दा योग्य. पण माझ्या मते निरभ्र, स्थिर हवेत फरक एखाद्या अंशाचाच पडतो, आणि कपड्यांसाठी तो गौण आहे. वारा जास्त असताना तुमची पद्धत बरी.

आलेख | ७ डिसेंबर, सकाळी ९:५२

एखाद्या अंशाचाच हे मला मान्य नाही, पण हा धागा कपड्यांचा आहे, सोडून देतो.

भातुकली | ७ डिसेंबर, दुपारी १:१५

छान माहिती. मला जुलैत राजगडला मुक्काम करायचाय. वर दिलेल्या हिशोबाने पुण्यापेक्षा ४ अंश कमी, म्हणजे २० च्या आसपास. तेवढ्याला स्वेटर कशाला? नुसता कॉटनचा टी-शर्ट आणि पोंचो पुरेल ना?

रानजाई | ७ डिसेंबर, दुपारी २:३०

भातुकली, २० अंश कोरड्या अंगाला सुखाचे. भिजलेल्या कॉटनमध्ये, बालेकिल्ल्याच्या वाऱ्यात तेच २० अंश दात वाजवतात. कॉटन पाणी धरून ठेवतं आणि ते वाळताना उष्णता तुमच्या अंगातून घेतं. पावसाळ्यात उंचीचा हिशोब विसरा, पॉलिएस्टरचा टी-शर्ट घाला आणि एक पातळ फ्लीस प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये ठेवा. फ्लीस मुक्कामाला पोचल्यावर, अंग पुसून घालायचं. चालताना घातलंत तर रात्री घालायला कोरडं काही उरणार नाही.

आता पायपीट यांच्यासाठी. ढगवेडांनी तापमान काढून दिलंय, पण त्या तापमानात तुम्ही काय करत असाल हे कपड्यांच्या दृष्टीने तितकंच मोठं आहे. चढताना शरीर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पाच-सहा पट उष्णता तयार करतं. थांबलात की काही मिनिटांत ती बंद. म्हणजे त्याच उणे ८ मध्ये चढणाऱ्याला एक पातळ थर पुरतो आणि उभं राहणाऱ्याला तीन लागतात. एकच जाड जाकीट दोघांचं काम करू शकत नाही.

चढाईच्या रात्रीचा क्रम सांगते.

तंबूतून निघताना अंगावर पॉलिएस्टर किंवा मेरिनोचा पातळ थर, त्यावर १०० चं पातळ फ्लीस, खाली थर्मल आणि ट्रेकपँट. हातात पातळ हातमोजे, डोक्यावर कानटोपी. डाउन जाकीट तंबूबाहेर बूट, गेटर आणि स्पाइक बांधेपर्यंत अंगावर ठेवा. चालायला लागण्याच्या क्षणी ते काढून सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत.

दहा-पंधरा मिनिटांनी एकदा थांबा. पाठीला सॅक टेकते तिथे हात घालून बघा. ओलसर लागलं तर फ्लीसची चेन उघडा, टोपी काढा, तरीही ओलं असेल तर फ्लीस काढा. इथे लाजून पुढे चालत राहणारे माथ्यावर कुडकुडतात.

झाडी संपून धार सुरू होण्याआधी, आडोशाला असतानाच विंडचीटर घाला. धारेवर पोचल्यावर सॅक उघडली तर वाऱ्यात हातमोजे काढावे लागतात आणि तिथेच बोटं बधिर होतात. माथ्यावर थांबलात की डाउन जाकीट विंडचीटरच्या वरून चढवायचं. त्यासाठी ते एक साइज मोठं घ्या. विंडचीटर काढून, डाउन घालून, पुन्हा विंडचीटर घालण्यात असेल नसेल ती ऊब जाते.

अण्णा_सदाशिव | ७ डिसेंबर, दुपारी ४:१०

डाउन काढून चढायचं हे काही पटलं नाही. थंडी वाजून आजारी पडण्यापेक्षा थोडा घाम बरा.

रानजाई | ७ डिसेंबर, दुपारी ४:४५

अण्णा, तो घाम जातो कुठे? आतून पिसांमध्ये. ओली पिसं एकमेकांना चिकटून गोळा होतात, त्यांच्यात अडकलेली हवा जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. मग माथ्यावर, नेमकं गरजेच्या वेळी, तुमच्या अंगावर एक ओली पातळ पिशवी उरते. उणे तापमानात ती वाळवायची कुठे? स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलात तर बॅगही ओली.

ज्यांना फार घाम येतो किंवा चढताना जाकीट काढायचा कंटाळा आहे त्यांनी डाउनऐवजी सिंथेटिक भरणाचं जाकीट घ्यावं. वजन जास्त, पण ओलं झालं तरी बरीचशी ऊब टिकते.

आलेख | ७ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

सिंथेटिकबाबत माझं मत थोडं वेगळं. डिसेंबरच्या अखेरीस तिथली थंडी कोरडी असते, बर्फ झटकता येतं. काळजी घेणाऱ्याला डाउनच बरं. पाऊस आणि शून्याच्या आसपासचं ओलं बर्फ, उदाहरणार्थ एप्रिलमध्ये, तिथे सिंथेटिक.

वाऱ्याचं कोणी आकड्यात लिहिलं नाही म्हणून. विंडीवर त्याच `600h` पातळीला वारा बघा, धारेवर साधारण त्याच्या जवळपास धरा. हवा उणे ७ आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला उणे १६ इतकी थंडी लागते. पण हे फक्त उघड्या कातडीसाठी. पाण्याची बाटली उणे ७ च्या खाली जाणार नाही, आणि वारा न शिरणाऱ्या विंडचीटरखालच्या अंगालाही उणे ७ चाच हिशोब. त्यामुळे उणे १६ बघून अजून एक स्वेटर विकत घेऊ नका. नाक, गाल, कान, बोटं झाका. त्याला एक बफ आणि पातळ हातमोज्यांवर घालायचे वारारोधक मोठे मोजे पुरतात. लोकरीच्या जाड स्वेटरमधून वारा आरपार जातो, हे मात्र लक्षात ठेवा.

पायपीट | ७ डिसेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. माझी यादी: २ थर्मल सेट (लक्ष्मी रोडवरून), जाड लोकरीचं स्वेटर, २०० चं फ्लीस, डाउन जाकीट, जीन्सचं जाकीट प्रवासाला, विंडचीटर, २ ट्रेकपँट, ४ कॉटनचे आणि ३ लोकरीचे मोजे. चढताना थंडी लागू नये म्हणून मोज्यांच्या दोन जोड्या एकदम घालणार आहे. ६ किलोचं काय करू?

रानजाई | ७ डिसेंबर, रात्री ९:३५

थर्मलचं लेबल बघा. दुकानात 'थर्मल' म्हणून मिळणारे बरेच सेट कॉटनचे किंवा कॉटन मिसळलेले असतात. ते पुण्यात थंडीत स्कूटर चालवायला छान, चढताना नकोत. एक सेट पॉलिएस्टरचा घ्या, तो चालण्याचा. कॉटनचा हवा तर फक्त झोपण्यासाठी ठेवा, आणि त्यात बाहेर फिरू नका.

लोकरीचं स्वेटर आणि जीन्सचं जाकीट घरी. दोन्ही मिळून दीड किलो तरी जाईल. २०० च्या फ्लीसऐवजी १०० चं मिळालं तर चढताना ते अंगावर राहील, २०० चं सतत काढघाल करावं लागेल. कॉटनचे मोजे चारही बाहेर.

मोज्यांच्या दोन जोड्या फक्त तेव्हाच, जेव्हा बूट त्या हिशोबाने मोठे घेतले असतील. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जोड्या कोंबल्या की पाय आवळला जातो, रक्त पुढे जात नाही आणि बोटं एका जोडीपेक्षा लवकर गार पडतात. बूट बांधून आत बोटं मोकळी हलवता आली पाहिजेत. तिसरी लोकरीची जोडी स्लीपिंग बॅगमध्येच राहू द्या, ती बुटात कधीच जाणार नाही.

ढगवेडा | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

अंदाज बघताना एक गोष्ट. पश्चिमेकडून पश्चिमी विक्षोभ आला की ढग येतात, बर्फ पडतं, आणि त्या रात्री तापमान फारसं उतरत नाही, कारण ढग जमिनीची उष्णता सुटू देत नाहीत. लोक बर्फ पडताना 'आता फार थंडी नाही' म्हणतात. खरी थंडी त्यानंतरच्या पहिल्या निरभ्र रात्री. नवं बर्फ, मोकळं आकाश, वरून उत्तरेकडून येणारी कोरडी हवा. तुमची चढाईची रात्र तशी असेल तर कॅम्पवरचा आकडा माझ्या उणे १० च्याही खाली जाऊ शकतो. निघण्याच्या दोन दिवस आधी सांक्रीत नेटवर्क मिळेल न मिळेल, म्हणून डेहराडूनला उतरल्यावरच `600h` आणि ढगांचा थर दोन्ही बघून घ्या.

पायपीट | ८ डिसेंबर, सकाळी ८:०५

स्लीपिंग बॅग भाड्याने मिळणार आहे, 'उणे १०' ची म्हणतात. कॅम्पला उणे १० होऊ शकतं, म्हणजे बरोबर बसतंय?

रानजाई | ८ डिसेंबर, सकाळी ८:४०

लेबलवर दोन-तीन आकडे असतात. 'कम्फर्ट' लिहिलेला आकडा बघा, 'लिमिट' नाही. दुकानदार किंवा आयोजक बहुतेक वेळा लिमिट सांगतात, आणि कम्फर्ट त्यापेक्षा पाच-सहा अंश वर असतो. शिवाय भाड्याची बॅग अनेकदा धुतलेली, दाबलेली असते, तिचं भरण बसलेलं असतं. हातात घेऊन उजेडासमोर धरा, पातळ पट्टे दिसले तर दुसरी मागा. आणि खाली काय अंथरायला देणार आहेत ते विचारा. बॅगेचं भरण अंगाखाली दबून निकामी होतं, तिथे ऊब चटईचीच. बर्फावर एक फोमची चटई कमी पडते, दोन मागा.

भातुकली | ८ डिसेंबर, सकाळी ११:२०

राजगडला चटई एक पुरेल ना?